व्यायामानंतरचे केळे, दूध आणि फुटाणे : पोलीस भरतीच्या तयारीतील एका मुलाच्या खाऊचा हिशेब

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी राहून पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या २१ वर्षांच्या मुलाचे हे प्रकरण आहे. त्याची ओळख पटेल असा तपशील येथे दिलेला नाही. भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि १०० मीटर धावणे व गोळाफेक असे तीन प्रकार द्यावे लागतात, त्यामुळे त्याचा सराव दिवसातून दोन वेळा चालत असे. पहाटे सहा ते सव्वासात धावणे आणि संध्याकाळी साडेपाचपासून गोळा व जोर-बैठका किंवा वजने उचलणे, असा तो क्रम होता. वजन ६२ किलो होते आणि गेल्या दीड महिन्यात ते सुमारे दोन किलोंनी उतरले होते. पहाटेचा सराव संपला की तो एक केळे, मेसमधील एक पेला दूध आणि मूठभर फुटाणे खात असे. मूठभरातले थोडे फुटाणे खिशात ठेवून तो ते संध्याकाळच्या सरावाच्या तोंडावर चघळत असे.

तक्रारी दोन होत्या. संध्याकाळी पोट फुगल्यासारखे वाटते आणि गोळा टाकताना अंगात जोर राहत नाही, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या प्रशिक्षकांना मात्र प्रश्न प्रथिनांचा वाटत होता. फुटाण्यांत शेकडा बावीस ग्रॅम प्रथिने असतात आणि वर दूध आहेच, तेव्हा खाऊतून २५ ते ३० ग्रॅम प्रथिने नक्कीच मिळत असतील, तरीही वजन उतरते म्हणजे आता व्हे प्रोटीनचा डबा घेतला पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता. घरची परिस्थिती दर महिन्याला डबा घेण्यासारखी नव्हती. म्हणून आधी हा खाऊ प्रत्यक्षात काय देतो ते मोजायचे ठरले.

मोजणी साधी होती. त्यासाठी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि मापाचा एक जग एवढेच लागले. मात्र मोजायचे ते नेहमीच्या हाताने घेतलेले पदार्थ, मोजणी आहे म्हणून थोडे जास्त घेतलेले नव्हेत, हे पथ्य कटाक्षाने पाळले.

केळे बाजारात मिळणारे नेहमीचे मोठे होते. सालीसकट ते १६० ग्रॅम भरले आणि सोलल्यावर १०५ ग्रॅम उरले. केळ्याच्या वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा साल असते, आणि पोषणाच्या तक्त्यांतले आकडे सोललेल्या गराचे असतात, ही गोष्ट हिशेबात वारंवार सुटते. १०० ग्रॅम गरात सुमारे २३ ग्रॅम कर्बोदके आणि जेमतेम एक ग्रॅम प्रथिन असते. त्यामुळे या केळ्यातून २४ ग्रॅम कर्बोदके आणि १.२ ग्रॅम प्रथिने मिळाली. वेलची केळे घेतले असते, तर त्याच्या लहान आकारामुळे हाच आकडा निम्म्यावर आला असता.

दुधाचा पेला २०० मिलिलिटरचा होता, पण पेल्यात सगळे दूध नव्हते. मेसमधील स्वयंपाकी पिशवीच्या टोन्ड दुधात दर तीन भागांना एक भाग पाणी घालून ते उकळत असत. म्हणजे प्रत्यक्ष दूध १५० मिलिलिटर होते. टोन्ड दुधात दर १०० मिलिलिटरला सुमारे ३.२ ग्रॅम प्रथिने आणि ४.८ ग्रॅम दुग्धशर्करा धरली, तर पेल्यातून ४.८ ग्रॅम प्रथिने आणि ७ ग्रॅम कर्बोदके मिळाली. त्यात दोन चमचे साखर पडत होती, तिची आणखी १० ग्रॅम कर्बोदके झाली.

फुटाण्यांची मूठ २८ ग्रॅम भरली. तो ते तळहातावर चोळून, फुंकर मारून साले उडवून खात असे, त्यामुळे पोटात जाणारे फुटाणे २५ ग्रॅम होते. साल काढलेल्या भाजक्या चण्यात १०० ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे येथे ५.५ ग्रॅम. पचून साखरेत रूपांतर होईल अशी कर्बोदके सुमारे १२ ग्रॅम धरली.

बेरीज केली तेव्हा खाऊतून ११.५ ग्रॅम प्रथिने आणि ५३ ग्रॅम कर्बोदके मिळत होती. प्रशिक्षकांच्या मनातला प्रथिनांचा आकडा प्रत्यक्षाच्या दुपटीहून अधिक होता. शेकडा बावीस हे प्रमाण त्यांनी बरोबर सांगितले होते, फक्त ते १०० ग्रॅमचे होते आणि मुलाच्या मुठीत त्याचा चौथा हिस्साच मावत होता. १०० ग्रॅम फुटाणे म्हणजे तशा जवळजवळ चार मुठी होतात आणि एका बैठकीला ते खाणे सोपे नाही. याच ठिकाणी भिजवलेल्या किंवा उकडलेल्या हरभऱ्याचाही घोळ होतो. पाणी शोषल्यामुळे उकडलेल्या हरभऱ्याच्या १०० ग्रॅममध्ये आठ-नऊ ग्रॅमच प्रथिने राहतात, आणि कोरड्या चण्याचा आकडा त्यांना लावला की हिशेब अडीच पट फुगतो.

आता प्रश्न हा की ११.५ ग्रॅम प्रथिने कमी आहेत का, आणि कशाच्या तुलनेत. व्यायामानंतरच्या एका खाण्यात शरीराच्या दर किलो वजनामागे पाव ग्रॅम ते ०.३ ग्रॅम चांगल्या प्रतीची प्रथिने असावीत, असे क्रीडापोषणात साधारण मानले जाते. ६२ किलोंच्या मुलासाठी ते १५.५ ते १८.६ ग्रॅम होतात. म्हणजे खाऊ प्रथिनांत खरोखरच तोकडा होता, पण त्यावर डबा हाच उपाय होता असे नाही, कारण तूट दुधात घातलेल्या पाण्यात आणि मुठीच्या मापात होती.

कर्बोदकांचे चित्र वेगळे निघाले. ५३ ग्रॅम म्हणजे दर किलोमागे ०.८५ ग्रॅम, आणि पहाटेच्या सव्वा तासाच्या सरावानंतर ते पुरेसे होते. व्यायामानंतर दर तासाला किलोमागे एक ते १.२ ग्रॅम कर्बोदके खावीत हा नियम अनेक तरुण पाठ करून असतात, पण तो दोन जोरदार सरावांमध्ये चार-आठ तासांचेच अंतर असते आणि स्नायूंत साठवलेल्या कर्बोदकांचा, म्हणजे ग्लायकोजेनचा साठा बराचसा संपलेला असतो, अशा स्थितीसाठी आहे. या मुलाच्या दोन सरावांमध्ये दहा तास होते आणि मध्ये दुपारचे पूर्ण जेवण होते. एवढ्या अवधीत साठा परत भरायला दिवसभराच्या पोळी-भाताचे एकूण प्रमाण महत्त्वाचे ठरते. पहिल्या अर्ध्या तासातल्या घाईने त्यात विशेष फरक पडत नाही. पाव-अर्ध्या तासाच्या ‘खिडकी’त खाल्ले नाही तर व्यायाम वाया गेला, ही समजूत प्रथिनांच्या बाबतीतही टिकत नाही. चांगल्या व्यायामानंतर स्नायू किमान एक दिवस तरी प्रथिनांना अधिक प्रतिसाद देत राहतात.

खाऊची फेरमांडणी करताना म्हणून कर्बोदकांना हात लावायचा नाही आणि प्रथिने वाढवायची, असे ठरले. केळे तसेच ठेवले. दूध पाणी न घालता ३०० मिलिलिटर केले. मेसमध्ये वेगळे उकळणे शक्य नसल्याने मुलगा रोज अर्धा लिटरची पिशवी स्वतः आणू लागला. त्यातले उरलेले दूध संध्याकाळी उपयोगी पडत असे. साखर बंद केली, कारण केळ्याबरोबर ती लागत नाही. फुटाणे साले काढून ४० ग्रॅम केले आणि त्यासाठी काट्यावर एकदा मोजून एक छोटी वाटी ठरवून दिली, जेणेकरून रोज काटा काढावा लागू नये. नव्या खाऊत केळ्याची १.२, दुधाची ९.६ आणि फुटाण्यांची सुमारे ९ अशी मिळून जवळजवळ २० ग्रॅम प्रथिने झाली, म्हणजे किलोमागे ०.३२ ग्रॅम. कर्बोदके केळ्याची २४, दुधाची १४ आणि फुटाण्यांची १९ अशी ५७ ग्रॅम झाली. कर्बोदके जवळपास तेवढीच राहिली आणि प्रथिने मात्र पाऊणपट वाढली. एकूण ऊर्जा चारशे किलोकॅलरींच्या थोडी वर गेली.

या वीस ग्रॅमांना डब्यातल्या वीस ग्रॅमांइतकेच मोजावे का, हा प्रश्न प्रशिक्षकांनी विचारला आणि तो रास्त होता. प्रथिनांचे मोल ती किती पचतात आणि त्यांत कोणती अमिनो आम्ले किती आहेत यावर ठरते. दुधातली प्रथिने जवळजवळ पूर्ण पचतात. चण्यातली त्याहून कमी पचतात, कारण ती पेशींच्या चिवट भिंतींत अडकलेली असतात आणि तंतूंचीही आडकाठी असते. चण्यात लायसीन भरपूर, पण गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी असतात. दुधाच्या सोबतीने ही उणीव बरीच भरून निघते, आणि म्हणूनच दूध व चणे ही जोडी एकट्या चण्यापेक्षा चांगली आहे. स्नायूंच्या बांधणीला चालना देणाऱ्या ल्युसीनचा हिशेब केला, तर दुधातून सुमारे ०.९ ग्रॅम आणि चण्यातून ०.६ ग्रॅम असे दीड ग्रॅम मिळते. तेवढ्याच व्हे प्रथिनांतून दोन ग्रॅमांहून अधिक मिळते. फरक खरा आहे, पण तो एका खाण्यापुरता आहे. पुढचे जेवण चार-पाच तासांत येत असेल आणि त्यातही पुरेशी प्रथिने असतील, तर वीस-एकवीस वर्षांच्या निरोगी मुलाला हा फरक सरावाच्या मैदानावर जाणवण्याइतका मोठा आहे असे मला वाटत नाही. दुधातली ऐंशी टक्के प्रथिने केसीन प्रकारची असतात आणि ती सावकाश पचतात. पहाटेच्या खाऊनंतर दुपारपर्यंत काही खायला मिळत नाही अशा दिनक्रमाला ती सोयीचीच आहेत.

खरी कमतरता खाऊच्या बाहेर होती, आणि ती दिवसाची बेरीज केल्यावर दिसली. मेसच्या दोन्ही जेवणांत चार पोळ्या, एक वाटी वरण, भात आणि भाजी मिळून प्रत्येकी सुमारे २३ ग्रॅम प्रथिने मिळत होती आणि नाश्त्याच्या पोह्यांतून सहा-सात ग्रॅम. खाऊ वगळता दिवसाला ५३ ग्रॅम झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आयसीएमआरच्या वतीने २०२० मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार सर्वसाधारण प्रौढाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, म्हणजे या मुलाला ५१ ग्रॅम. तेव्हा मेसचे जेवण घरी बसणाऱ्या माणसाला पुरेसे होते. मात्र रोज दोनदा घाम गाळणाऱ्या खेळाडूसाठी किलोमागे १.२ ते २ ग्रॅम असा पल्ला सांगितला जातो, आणि जुन्या खाऊसकट त्याचा आकडा १.०४ ग्रॅमवर अडत होता. नव्या खाऊने तो १.१८ वर, म्हणजे पल्ल्याच्या खालच्या कडेपर्यंत आला. दुपारच्या जेवणात दोन उकडलेली अंडी वाढवल्यावर तो १.३७ झाला. मुलगा अंडी खाणारा होता, म्हणून हे सोपे गेले. शाकाहारी मुलाला हेच साधण्यासाठी दोन्ही जेवणांत वरणाची वाटी दुप्पट आणि एक मोठी वाटी दही, एवढे करावे लागेल.

आता पोटाची तक्रार. तिचे कारण शोधण्यासाठी खाऊतला एकेक पदार्थ काही दिवस बाजूला ठेवून पाहिले. दुधामुळे त्रास होत असेल तर तो बहुधा प्यायल्यानंतर अर्ध्या ते दोन तासांत गुडगुड, वायू किंवा पातळ शौच अशा रूपाने दिसतो, आणि या मुलाची सकाळ निर्धोक जात होती. त्रास संध्याकाळचाच होता आणि खिशातले फुटाणे बंद केल्याबरोबर तो थांबला. चण्यात रॅफिनोजच्या कुळातल्या शर्करा असतात. त्या आपल्या लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू होतो. शिवाय त्या वेळी घाई असल्याने तो साले न काढताच फुटाणे खात होता. सालासकट चण्यात १०० ग्रॅमला पंचवीस ग्रॅमपर्यंत तंतू असू शकतात, डाळीत ते पंधराच्या आसपास असतात. कोरडे, तंतुमय आणि सावकाश जठर सोडणारे खाणे पोटात असताना वाकून गोळा टाकायचा, तर पोट ताणल्यासारखे वाटणारच. पाणीही तो त्याबरोबर फारसे पीत नव्हता.

येथेच कर्बोदकांच्या वेगाचा मुद्दा येतो, आणि या खाऊतली ती सर्वांत कमी समजली गेलेली बाजू आहे. ५७ ग्रॅम कर्बोदके हा एक आकडा असला तरी त्यांतले तीन भाग तीन वेगांनी रक्तात येतात. केळे किती पिकले आहे त्यावर त्याचा वेग ठरतो. हिरवट, कडक केळ्यात बहुतेक कर्बोदके स्टार्चच्या रूपात असतात आणि त्यांतला बराच भाग पचनाला दाद देत नाही. सालीवर तपकिरी ठिपके आलेल्या केळ्यात जवळपास सगळ्या स्टार्चची साखर झालेली असते आणि ती लवकर उपलब्ध होते. दुग्धशर्करेचे अर्धे ग्लुकोज आणि अर्धे गॅलॅक्टोज होते. गॅलॅक्टोज आधी यकृतात जाते. चण्याचे स्टार्च मात्र सर्वांत सावकाश सुटते आणि त्यामुळेच चणे खाल्ल्यावर रक्तशर्करा हळू चढते. पाकिटावर ‘कर्बोदके ५८ ग्रॅम’ असे छापलेले असेल तर त्यात तंतूही धरलेले असण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून मी चण्यासाठी हिशेब करताना १०० ग्रॅमला ४८ ग्रॅमच्या आसपासचाच आकडा धरतो. सावकाश सुटणे हा सकाळी गुण आहे, संध्याकाळच्या सरावाच्या तोंडावर तोच अडथळा ठरतो.

म्हणून मुलाला दिलेली सूचना अशी होती की फुटाणे फक्त पहाटेच्या सरावानंतर खायचे आणि त्यांच्याबरोबर दोन पेले पाणी प्यायचे. संध्याकाळच्या सरावाच्या तासभर आधी एक पिकलेले केळे आणि पिशवीतले उरलेले दूध घ्यायचे. भरतीच्या चाचणीसारखी रंगीत तालीम असेल, जिथे धावणे आणि गोळाफेक काही तासांत उरकायची असते, त्या दिवशी दोन प्रकारांच्या मधल्या वेळेत केळे आणि घोट-घोट पाणी एवढेच, आणि फुटाणे-दूध सगळे संपल्यावर. या स्पर्धा थोड्या वेळाच्या आहेत, त्यांत ग्लायकोजेन संपण्याइतके श्रम होत नाहीत, तेव्हा मध्ये भरपेट खाण्याची गरजच नसते.

केळे आणि दूध एकत्र घ्यावे का, अशी शंका मुलाच्या आईने फोनवर काढली, कारण आयुर्वेदात हा विरुद्ध आहार मानतात असे त्यांनी ऐकले होते. आपल्याकडे शिकरण पिढ्यान्पिढ्या खाल्ले जाते आणि या मुलाला त्याचा कधी त्रास झालेला नव्हता. तरीही मनात शंका ठेवून खाण्यापेक्षा केळे आधी आणि दूध अर्ध्या तासाने घ्यावे, असे त्यांना सांगितले. प्रथिनांच्या आणि कर्बोदकांच्या बेरजेत त्याने काहीच बदल होत नाही.

पुढच्या महिन्याभरात वजन उतरणे थांबले आणि किंचित चढले, संध्याकाळची फुगवट गेली आणि सराव करताना जोर टिकतो असे त्याने सांगितले. यातला किती वाटा खाऊचा, किती अंड्यांचा आणि किती वेळेच्या बदलाचा हे वेगळे काढता येत नाही, कारण तिन्ही बदल एकाच सुमारास झाले. उतरते वजन मुख्यतः एकूण ऊर्जेच्या तुटीमुळे होते असे मला वाटते, आणि संध्याकाळी वाढवलेले केळे व दूध यांनी ती बरीच भरून काढली असावी.

त्याच मैदानावर सराव करणाऱ्या ४८ किलोंच्या एका मुलीनेही हाच खाऊ मागितला. तिला ८०० मीटर धावायचे होते. तिच्यासाठी तीच मापे वापरणे चुकीचे ठरले असते. किलोमागे ०.३ ग्रॅमने तिला १४.४ ग्रॅम प्रथिने लागतात, आणि २०० मिलिलिटर दूध, ३० ग्रॅम फुटाणे व एक केळे यांतून तेवढीच मिळतात. कर्बोदके त्यातून ४८ ग्रॅम, म्हणजे किलोमागे एक ग्रॅम होतात. दूध प्यायल्यावर तासाभरात तिचे पोट बिघडत असे, म्हणून दुधाऐवजी २०० ग्रॅम दही घ्यायला सांगितले. विरजणामुळे दह्यातली काही दुग्धशर्करा कमी झालेली असते आणि प्रथिने जवळपास तेवढीच राहतात. तिने दह्याचे ताक करून आणले तेव्हा पेला भरलेला दिसत होता, पण त्यात दही तीन चमचेच होते आणि बाकीचे पाणी. ताक प्यायला हरकत नाही, पण ते प्रथिनांच्या हिशेबात धरायचे तर २०० ग्रॅम दही आधी मोजून मग त्यात पाणी घालायचे, असे तिच्यासाठी ठरले.